कंट्रोलरचा एम असिस्ट आणि माउसचा नेम: जवळच्या चकमकीत माझीच हार का होते?

अमळनेरी_नेमबाज

नमस्कार मंडळी. मी गेली चार वर्षे संगणकावर माउस-कीबोर्डने ‘एपेक्स लेजेंड्स’ खेळतो. माझा आतेभाऊ धुळ्याला असतो. तोही संगणकावरच खेळतो, परंतु कंट्रोलर घेऊन. आम्ही सराव मैदानात अधूनमधून एकमेकांविरुद्ध उतरतो आणि निकाल जवळजवळ ठरलेला असतो. चार-पाच मीटरवर दोघांच्या हातात आर-९९ असली की तो जिंकतो. तीस-चाळीस मीटरवर एकेक गोळी झाडणारी रायफल असली की मी जिंकतो. त्याच्या मते मला जवळचे खेळता येत नाही. माझ्या मते त्याच्यासाठी निम्मा नेम खेळच धरतो.

माझा प्रश्न भांडण लावण्यासाठी नाही. एम असिस्ट नेमके काय करतो, आणि तो एका शस्त्राला जास्त व दुसऱ्याला कमी फळतो असे मला वाटते, त्यात तथ्य आहे का? खेळ बनवणारे हे जाणूनबुजून ठरवतात का?

भरीतप्रेमी

आतेभावाकडून हरल्यावर त्याचे कारण शास्त्रात शोधणे ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे. चालू द्या, मी वाचतो आहे.

शिरपूरकर

यात शास्त्र कसले? कंट्रोलरवाल्याच्या गोळ्या शत्रूकडे वळतात. क्रॉसहेअर जरा बाजूला असला तरी गोळी लागते. यालाच एम असिस्ट म्हणतात. माउसवाल्याला ती सोय नसते, म्हणून तो हरतो. मी तर म्हणेन की दोघांना एका सामन्यात घालणेच चूक आहे.

पाचोरा_सात

मला बीजीएमआयमध्ये एम असिस्ट बंद करून जायरोस्कोप चालू ठेवल्यावर जास्त फायदा झाला. फोन किंचित खाली झुकवला की रिकॉइल आवरते. अमळनेरकर दादा, तुम्हीही एकदा जायरो वापरून पाहा.

अमळनेरी_नेमबाज

पाचोरा_सात, माझ्याकडे मॉनिटर आहे, तो झुकवला तर टेबलावरून खाली पडेल. प्रश्न माउस आणि कंट्रोलरचा आहे. तरीही जायरोचा मुद्दा लक्षात ठेवतो.

तापीकाठ

मी मूळचा यावलचा. पुण्यात काही वर्षे शूटर खेळांवर काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शिरपूरकर म्हणतात ती गोष्ट अस्तित्वात आहे, पण ती अनेक प्रकारांपैकी एक आहे आणि मूळ प्रश्नातील चकमकीचा उलगडा तिने होत नाही. गोळी वळवणे किंवा गोळी लागण्याची जागा फुगवणे हा एक प्रकार. क्रॉसहेअर शत्रूजवळ आला की स्टिकची सेन्सिटिव्हिटी घटवणे हा दुसरा. शत्रू सरकला की त्याच्याबरोबर कॅमेराच थोडा वळवणे हा तिसरा, आणि अमळनेरकरांना बोचतो आहे तो हाच. खेळाडू याला ‘रोटेशनल’ म्हणतात.

मुळात ही मदत द्यावी का लागते, ते आपल्या भागातील उदाहरणाने सांगतो. माउस म्हणजे बोट दाखवणे. हात जेवढा सरकला तेवढा नेम सरकतो आणि हात थांबला की नेमही थांबतो. स्टिक म्हणजे ठिबकचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह किती उघडला यावर टाकीतील पाण्याची पातळी ठरत नाही, पातळी किती वेगाने चढेल एवढेच ठरते. ठरावीक रेघेवर पाणी थांबवायचे असेल तर व्हॉल्व्ह योग्य क्षणी बंद करावा लागतो. एका अंगठ्याने हा व्हॉल्व्ह सेकंदात चार वेळा उघड-बंद करून पाहा, म्हणजे कोणतीही मदत नसलेला कंट्रोलर कसा वाटतो ते कळेल.

आता तुमची चकमक घेऊ. हिशेबासाठी आकडे माझ्या सोयीचे आहेत. शत्रू सेकंदाला ५ मीटर वेगाने उजवीकडे सरकतो आहे आणि तुम्ही दोघेही त्याच्यावर अचूक नेम ठेवून आहात. तो अचानक डावीकडे वळतो. डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढा वेळ तुमचा माउस उजवीकडेच जात राहतो आणि शत्रू डावीकडे जातो, म्हणजे दोघांतील अंतर सेकंदाला १० मीटर या वेगाने वाढते. ०.२ सेकंदात तुम्ही २ मीटर चुकलेले असता.

आतेभावाच्या बाबतीत समजा शत्रूच्या सरकण्यातील ०.३ हिस्सा खेळ भरून काढतो आणि उरलेला ०.७ अंगठा. शत्रू वळला की अंगठा तुमच्यासारखाच ०.२ सेकंद चुकत राहतो, पण खेळाने भरलेला हिस्सा त्याच क्षणी उलटा फिरतो, कारण खेळाला डोळे नाहीत आणि म्हणून विलंबही नाही. त्याची चूक सेकंदाला ७ मीटर वेगाने वाढते, म्हणजे एकूण १.४ मीटर. हाच हिस्सा ०.६ असेल तर चूक ०.८ मीटरवर येते. आर-९९ मिनिटाला १०८० गोळ्या झाडते, म्हणजे त्या ०.२ सेकंदात साडेतीन गोळ्या गेल्या. तुमच्या जवळजवळ सर्व वाया जातात, त्याची एखादी जास्त लागते, आणि मुख्य म्हणजे परत अंगावर येण्यासाठी त्याला कमी अंतर कापावे लागते. असे दोन-तीन वळसे झाले की चकमक संपते.

निम्मा नेम खेळ धरतो हे तुमचे वाक्य अतिशयोक्त आहे. खेळ धरतो तो नेम नसून प्रतिक्रियेचा वेळ आहे.

अमळनेरी_नेमबाज

तापीकाठ दादा, मनापासून आभार. ०.३ आणि ०.६ हे आकडे तुम्ही मुद्दाम निवडले का? या खेळाच्या चर्चेत असेच आकडे ऐकल्याचे आठवते.

तापीकाठ

होय. एपेक्समध्ये कन्सोलसाठी ०.६ आणि संगणकावरील कंट्रोलरसाठी ०.४ असे मूल्य बरीच वर्षे होते आणि २०२४ मध्ये संगणकाच्या लॉबींसाठी ते पाव हिश्शाने घटवण्यात आले. मात्र त्या मूल्याचा खेळाच्या आत नेमका माझ्यासारखाच गुणाकार होतो असे समजू नका. दिशा समजण्यासाठी माझा हिशेब पुरे आहे.

जुना_हेलोकर

शस्त्रागणिक फरक जाणूनबुजून ठेवतात का, हा मूळ प्रश्न राहून जातो आहे. माझे उत्तर ‘होय’ आहे आणि त्याचा पुरावा वीस वर्षांहून जुना आहे. २००१ साली ‘हेलो’चा पहिला भाग आला. त्याचे नकाशे उघडून बदल करण्याचा नाद मला भुसावळला कॉलेजात असताना लागला. त्यात नेमाची मदत खेळाच्या एखाद्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये सापडत नाही. ती प्रत्येक शस्त्राच्या नोंदीत, गोळ्यांची संख्या आणि झाडण्याचा वेग यांच्या शेजारी लिहिलेली असते:

```
autoaim angle
autoaim range
magnetism angle
magnetism range
deviation angle
```

पहिल्या दोन ओळी गोळीला मदत करतात, पुढच्या दोन कॅमेऱ्याला. म्हणजे मदतीचा कोन किती आणि ती किती अंतरापर्यंत, हा त्या शस्त्राच्या स्वभावाचाच भाग मानला गेला. मी एकदा गंमत म्हणून स्नायपरचा कोन भलताच वाढवला. पहिली दहा मिनिटे मजा आली, मग स्नायपर हे स्नायपर राहिलेच नाही. नेम धरण्याचे कष्ट हीच त्या शस्त्राची किंमत होती आणि मी ती माफ करून टाकली होती.

शिरपूरकर, गोळीला मिळणारी मदत तुम्ही म्हणता ती हीच. तुमचे म्हणणे पूर्ण चुकीचे नव्हते.

शिरपूरकर

‘पूर्ण चुकीचे नव्हते’ हे प्रशस्तिपत्र मी चौकट करून भिंतीवर लावतो.

पण तापीकाठांच्या हिशेबात मला एक खोट दिसते. त्यात शत्रू किती दूर आहे हे कुठेच आले नाही. तो ५ मीटरवर असो की ५० मीटरवर, चूक २ मीटर आणि १.४ मीटरच राहते. मग अमळनेरकर लांबून जिंकतात कसे? तुमच्या हिशेबाप्रमाणे त्यांनी तिथेही हरायला हवे.

तापीकाठ

शिरपूरकर, हा प्रश्न फार चांगला आहे आणि खोट बरोबर पकडली आहे. मीटरमध्ये मोजले तर अंतर खरोखरच गळून पडते.

फरक अंतरामुळे आपोआप पडत नाही, त्या अंतरावर कोणते शस्त्र हातात असते त्याने पडतो. आर-९९ने माणूस पाडायचा तर क्रॉसहेअर बराच वेळ सलग अंगावर ठेवावा लागतो. तिथे प्रत्येक वळशाला मदत कामी येते. एकेक गोळी झाडणारी रायफल घेतली तर सलग पाठलागाची गरजच नाही. अमळनेरकर शत्रूच्या मागे धावत नाहीत. शत्रू वळेपर्यंत थांबतात, एका झटक्यात माउस त्याच्यावर नेतात आणि क्लिक करतात. नेम फक्त त्या एका क्षणी बरोबर असला की पुरे. माउसचे बळ नेमके त्या झटक्यात आहे आणि मदतीचे बळ सलग पाठलागात.

स्टिकची लांबवरची स्वतःची अडचणही आहे. ५ मीटरवरील शत्रूबरोबर राहण्यासाठी सेकंदाला सुमारे ५७ अंश वळावे लागते, ५० मीटरवर सहाच्या आत. एवढी बारीक गती म्हणजे स्टिक डेडझोनच्या किंचित बाहेर धरून ठेवणे, आणि तिथे अंगठा थरथरतो. त्यात भर म्हणजे बरेच खेळ लांब अंतरावर मदत विरळ करत शून्यावर आणतात.

अजून एक. गोळीला पोहोचायला वेळ लागत असेल तर मदत उलटी नडू शकते. गोळी सेकंदाला ५०० मीटर जाते आणि शत्रू १०० मीटरवर आहे असे धरा. गोळी पोहोचायला ०.२ सेकंद लागतील, तेवढ्यात शत्रू १ मीटर पुढे गेलेला असेल. नेम त्याच्या १ मीटर पुढे धरायचा आहे आणि मदत तर अंगाभोवती चिकटते. म्हणून अशा शस्त्रांची मदत सौम्य ठेवावी लागते, नाहीतर खेळाडू आपल्याच मदतीशी झगडत बसतो.

भरीतप्रेमी

पिकात गोफण फिरवणाऱ्या आमच्या आजोबांना हे कुणी शिकवले नव्हते. पाखरू जिथे आहे तिथे दगड मारणारा नवखा, असे ते म्हणत.

सातपुडा_ताई

मी नंदुरबारची आहे आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघी मिळून एक छोटा शूटर बनवत आहोत. तापीकाठ दादांनी सांगितलेला कॅमेरा वळवण्याचा प्रकार आम्हीही लिहिला आहे. गाभा एवढाच आहे:

```
float w = bearingNow - bearingPrev;
if (visible && inBubble)
    yaw += w * strength;
```

`bearing` म्हणजे आपल्याकडून पाहिल्यावर शत्रू ज्या दिशेला आहे ती. दोन तक्रारी येत आहेत. कंट्रोलर टेबलावर ठेवला तरी समोरून शत्रू गेला की कॅमेरा आपोआप त्याच्यामागे वळतो. शिवाय लांबचा शत्रू असेल तर क्रॉसहेअर मोकळ्या जागेत असतानाही ओढला जातो. बबल आम्ही क्रॉसहेअरभोवती ३ अंशांचा ठेवला आहे.

तापीकाठ

ताई, पहिल्या तक्रारीचे उत्तर तुमच्या `if` मध्येच आहे. दोन्हींपैकी एक तरी स्टिक हलत असल्याची अट त्यात नाही. ती नसली की मदत राहत नाही, खेळ स्वतः खेळू लागतो. कंट्रोलर टेबलावर ठेवून पाहणे ही उत्तम चाचणी आहे, ती प्रत्येक बदलानंतर करत जा.

याच सूत्रातून एक गोष्ट सर्वांच्या लक्षात यावी. शत्रूची दिशा तो हलला तरी बदलते आणि आपण हललो तरी बदलते. म्हणून कंट्रोलरवाले चकमकीत डाव्या अंगठ्याने सतत आजूबाजूला सरकत असतात. उभ्या शत्रूसमोर नुसते सरकले तरी कॅमेरा थोडाफार त्याच्यावर राहतो.

दुसऱ्या तक्रारीचे कारण अंश. ३ अंश म्हणजे ५ मीटरवर साधारण २६ सेंटीमीटर, एका माणसाच्या निम्म्या रुंदीएवढे. तेच ५० मीटरवर २.६ मीटर होतात, म्हणजे शेजारून बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागाही तुमच्या बबलमध्ये येते. बबल मीटरमध्ये मोजा, किंवा कोन अंतराप्रमाणे आकुंचित करा. आणि ते मूल्य शस्त्राच्या नोंदीत टाका, हेलोकरांनी वर दाखवले तसे.

सातपुडा_ताई

स्टिकची अट घातली, टेबलावरची तक्रार मिटली. बबल मीटरमध्ये केल्यावर मात्र नवी अडचण आली. आमच्या एसएमजीचे रिकॉइल माउसवर व्यवस्थित आवरते, कंट्रोलरवर शत्रूवर झाडताना बंदूक वर उडते, आणि रिकाम्या भिंतीवर झाडताना उडत नाही! हे कसे शक्य आहे?

जुना_हेलोकर

शत्रूवर असताना स्टिकची गती घटवत असाल तर ती उभ्या दिशेलाही घटवत आहात का?

सातपुडा_ताई

होय, दोन्ही दिशांना निम्मी.

तापीकाठ

मग तेच कारण. तुमची बंदूक मिनिटाला ६०० गोळ्या झाडते आणि प्रत्येक गोळीला अर्धा अंश वर जाते असे धरू. म्हणजे सेकंदाला ५ अंश चढण. व्हॉल्व्हचे उदाहरण आठवा. एकसारखी चढण आवरायला स्टिक हे माउसपेक्षा सोयीचे साधन आहे. ती सेकंदाला ५ अंश खाली जाईल इतकी ओढून तशीच धरायची, झाले. माउसवाल्याला मात्र हात सतत खाली आणत राहावे लागते. भिंतीवर तुमच्या खेळाडूंचा अंगठा हेच करतो. शत्रूवर आले की तुम्ही गती निम्मी केली, त्यामुळे तोच अंगठा अडीच अंशच खाली आणतो आणि उरलेले अडीच अंश बंदूक चढत राहते. उभ्या दिशेची घट कमी करा, किंवा गोळीबार सुरू असताना काढून टाका.

रिकॉइलचा आकारही इथे कामाचा आहे. सरळ वर जाणारी बंदूक कंट्रोलरला सोपी. डावी-उजवीकडे अनियमित उडणारी बंदूक त्याला अवघड, कारण प्रत्येक झटक्याला व्हॉल्व्ह उलटा फिरवावा लागतो आणि कॅमेरा वळवणारी मदत शत्रूची हालचाल भरून काढते, बंदुकीची नाही. दोन्ही गटांत समतोल साधायला मदतीचा आकडाच हलवावा असे नाही. आडवे रिकॉइल वाढवूनही जवळच्या शस्त्राचा कंट्रोलरवरील वरचष्मा घटवता येतो.

जुना_हेलोकर

इथे मी असहमत आहे. आडवे अनियमित रिकॉइल माउसवाल्यालाही आवरत नाही, कारण तोही ०.२ सेकंद मागे असतो. तुम्ही सगळ्यांचेच नशीब वाढवता आणि त्याला समतोल म्हणता. ‘रेनबो सिक्स सीज’ने ऑनलाइन सामन्यांत मदत मुळीच दिली नाही आणि तोही कन्सोलवर वर्षानुवर्षे खेळला जातो.

तापीकाठ

सीजमध्ये माणूस कोपरा धरून उभा असतो आणि डोक्याला लागलेली एक गोळी पुरते. तिथे सलग पाठलाग थोडा. एपेक्समध्ये ढाल आणि जीव मिळून बऱ्याच गोळ्या लागतात. तिथून मदत काढली तर कंट्रोलरवाला जवळची चकमक जवळजवळ खेळूच शकणार नाही. अनियमित रिकॉइलविषयीचा तुमचा आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही.

धुळ्याचा_आतेभाऊ

ज्याची इतकी चर्चा चालली आहे तो मीच. काल रात्री आम्ही दोघांनी एक प्रयोग केला. दोघांनी आर-९९ घेतली, अंतर ५ मीटर, आधी माझी मदत चालू आणि मग सेटिंगमधून बंद. चालू असताना दहापैकी सात चकमकी मी जिंकलो. बंद केल्यावर दहापैकी एक, आणि तीही दादाचा फोन वाजला म्हणून. मग दोघांनी एकेक गोळी झाडणारी रायफल घेतली, अंतर ३० मीटर. चालू असताना मी दोन जिंकलो, बंद असतानाही दोनच.

मला वाटत होते की मी जवळचे चांगले खेळतो. ते आता थोडे कमी वाटते आहे. तरी एक सांगतो, मदत बंद केल्यावर मी बावचळलो होतो. तीन वर्षांची सवय दहा फेऱ्यांत जात नाही, त्यामुळे तो एकचा आकडा मला मान्य नाही.

अमळनेरी_नेमबाज

भाऊ म्हणतो ते न्याय्य आहे. माझ्या बाजूनेही एक कबुली देतो. पुढच्या दहा फेऱ्यांत त्याची मदत चालू ठेवून मी वळसे घेण्याची पद्धत बदलली. आधी मी सतत डावे-उजवे करत होतो. तापीकाठ दादांच्या हिशेबानंतर लक्षात आले की माझ्या प्रत्येक वळशाला माझाही नेम त्याच्यावरून सुटतो आणि त्याचा कमी सुटतो. म्हणून वळसे कमी केले, दाराच्या चौकटीआड जाऊन क्षणभर दिसेनासा झालो, आणि बाहेर येताच झाडले. दहापैकी पाच जिंकलो.

सातपुडा_ताई

आड गेल्यावर `visible` खोटे होते, म्हणून मदत तुटते आणि तुम्ही बाहेर आल्यावर त्यांना पुन्हा स्वतःच नेम आणावा लागतो. आमच्या खेळात शत्रू आड गेल्यावरही काही क्षण मदत चालू राहते, आत्ताच तपासले. भिंतीपलीकडच्या माणसामागे क्रॉसहेअर वळतो आणि तो कुठून बाहेर येणार हे आधीच कळते. आज रात्री तेच दुरुस्त करते.

पाचोरा_सात

मी अजूनही जायरोच म्हणेन. स्टिकने ढोबळ वळायचे आणि मनगटाने बारीक नेम धरायचा. जायरो असलेला कंट्रोलर मिळतो, मॉनिटर झुकवण्याची गरज नाही.

तापीकाठ

पाचोरा_सात, विषयाबाहेर वाटले तरी तुमचे म्हणणे मुद्द्याचे आहे. जायरो हात जेवढा हलला तेवढाच नेम हलवतो, म्हणजे स्वभावाने तो माउसकडचा. त्याला मदत द्यावी का, आणि दिली तर किती, यावर आमच्या कार्यालयात दोन महिने वाद झाला आणि खेळ बाहेर पडेपर्यंत तो मिटला नव्हता.

भरीतप्रेमी

आतेभाऊ, पुढच्या वेळी दादाचा फोन वाजेल याची व्यवस्था माझ्याकडे लागली. नंबर तेवढा पाठवा.